होतं ते तसंच आहे, असं कधी धरायचं? इस्तिसहाब वापरण्याची रीत

असरची अजान झाली आहे. दुपारी जुहरला वुजू केला होता हे पक्कं आठवतं, पण नंतर तो तुटला की नाही हे काही केल्या आठवत नाही. पुन्हा नळावर जायचं का? हनफी, शाफई आणि हंबली या तिन्ही मजहबांचं उत्तर एकच आहे: गरज नाही, वुजू कायम आहे. वुजू केल्याची खात्री आहे आणि तुटल्याची नुसती शंका आहे. शंकेने खात्री मोडत नाही.

या नियमाला फिकहमध्ये इस्तिसहाब म्हणतात. एखादी अवस्था एकदा खात्रीने सिद्ध झाली, की ती बदलल्याचा पुरावा मिळेपर्यंत ती तशीच चालू आहे असं धरून निवाडा करायचा. त्याचा पाया बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या एका हदीसमध्ये आहे. नमाजमध्ये पोटात काहीतरी हलल्यासारखं वाटतं, वारा सरला की काय अशी शंका येते, अशा माणसाबद्दल पैगंबरांना विचारलं गेलं. उत्तर असं होतं की आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत त्याने नमाज सोडू नये. पुढे उस्मानी राज्याने १८६९ ते १८७६ या काळात दिवाणी व्यवहारांचा कायदा कलमवार लिहून काढला, त्या ‘मजल्ला’त हेच सूत्र चौथ्या कलमात आलं. पाचवं कलम सांगतं की जे होतं ते होतं तसंच राहतं.

सांगली, मिरज, सातारा, कराड या पट्ट्यात हा नियम बहुतेकांना वुजूपुरता माहीत असतो. ‘शंका आली तर सोडून द्यायची’ एवढंच त्याचं रूप लोकांच्या डोक्यात असतं. उसनवारी आणि वाटणी यांचे प्रश्न घरात येतात तेव्हा मात्र हाच नियम दोन्ही बाजूंकडून चुकीचा वापरला जातो. म्हणून तो पायरीपायरीने कसा लावायचा आणि कुठे थांबवायचा, हे इथे मांडतो. शेवटी बेपत्ता माणसाच्या वाटणीचं एक उदाहरण आकड्यांसह सोडवलं आहे, कारण या नियमाची खरी मर्यादा तिथेच कळते.

पहिली पायरी: खात्री कशाची आणि शंका कशाची, हे वेगळं करा

कागद घ्या आणि दोन वाक्यं लिहा. पहिलं, मला शेवटचं पक्कं काय माहीत आहे आणि ते कोणत्या वेळचं आहे. दुसरं, त्यानंतर काय बदललं असावं अशी शंका आहे. निवाडा पहिल्या वाक्याच्या बाजूने जातो, म्हणून ते वाक्य चुकलं तर पुढचं सगळं चुकतं.

रमजानमधल्या दोन शंका शेजारी ठेवल्या की हे लगेच दिसतं. पहाटे कोणी सहरी करत होतं, आभाळ भरलेलं होतं, घड्याळ जवळ नव्हतं. जेवण झाल्यावर शंका आली की फजरची वेळ आधीच लागली होती का? नंतरही काही कळायला मार्ग राहिला नाही. या माणसाचा रोजा झाला. शेवटची खात्रीची अवस्था रात्रीची होती आणि रात्र संपल्याचा पुरावा नाही, म्हणून रात्र चालू होती असं धरलं जातं. आता त्याच माणसाने संध्याकाळी तशाच ढगाळ हवेत, सूर्य बुडाला की नाही याची शंका असताना खजूर तोंडात टाकला आणि पुढे काही उलगडा झाला नाही. त्याला त्या रोजाची कजा करावी लागते. इथे शेवटची खात्रीची अवस्था दिवसाची होती आणि दिवस संपल्याचा पुरावा नव्हता. हवा तीच, माणूस तोच, शंकाही सारखीच, तरी निकाल उलटे. नियम रोजेदाराला सवलत द्यायला बसलेला नाही. तो फक्त आधी काय होतं ते पाहतो.

याच पायरीवर आणखी एक अडचण येते. जुहरनंतर वुजू केला हेही पक्कं आठवतं आणि शौचाला जाऊन आलो हेही पक्कं आठवतं, पण आधी कोणतं आणि नंतर कोणतं ते आठवत नाही. इथे दोन्ही गोष्टी खात्रीच्या आहेत आणि गोंधळ फक्त क्रमाचा आहे. अशा वेळी इस्तिसहाब हाताशी येत नाही, कारण ‘शेवटची’ अवस्थाच ठरत नाही. फकीहांनी यावर वेगवेगळी मतं दिली आहेत. माणसाने सरळ नवा वुजू करावा, दोन मिनिटांचं काम आहे. पण असा क्रमाचा गोंधळ पैशांच्या व्यवहारात आला तर तो ओळखता यायला हवा, नाहीतर दोन्ही बाजू आपापली खात्री पुढे करून भांडत बसतात.

खात्री कोणती निवडायची यावर मोठ्या इमामांतही मतभेद झाले आहेत. मालिकी मजहबात प्रसिद्ध मत असं आहे की नमाजला उभं राहण्याआधी वुजूबद्दल खरी शंका असेल तर वुजू पुन्हा करावा. त्यांनी नियम नाकारलेला नाही. नमाजची जबाबदारी आपल्यावर आहे ही खात्री त्यांनी पायाला घेतली आणि शंकेच्या वुजूने ती जबाबदारी उतरत नाही असं म्हटलं. सूत्र एकच, पण पहिलं वाक्य बदललं आणि निकाल बदलला.

दुसरी पायरी: आधी शोधा, मग धरून चाला

शोधूनही काही हाती लागलं नाही की मगच इस्तिसहाब वापरायचा असतो. उसूल म्हणजे फिकहची मूलतत्त्वं सांगणारं शास्त्र, त्याच्या ग्रंथांत याला दलीलच्या, म्हणजे निवाड्याच्या आधारांच्या, रांगेत शेवटची जागा दिली आहे. कुरआन, हदीस, इज्मा म्हणजे उलमांचं एकमत आणि कियास म्हणजे सारख्या प्रश्नावरून काढलेला निष्कर्ष, यांपैकी कशातच उत्तर सापडलं नाही तर मुफ्ती त्याच्याकडे वळतो. घरगुती प्रश्नातही क्रम हाच ठेवायचा. भिंतीवर वेळापत्रक लावलेलं आहे, हातात मोबाईल आहे, तरी ‘रात्र चालू आहे असं धरतो’ म्हणत खात राहणं हा नियमाचा वापर नव्हे. बघायला सहज शक्य होतं आणि मुद्दाम बघितलं नाही, अशा माणसाला नियमाचं संरक्षण मागता येत नाही.

मात्र शोधालाही हद्द आहे. वुजू आणि पाकीच्या बाबतीत उगाच खोदत बसू नये असंच सांगितलं आहे, नाहीतर माणूस वसवशात अडकतो. रस्त्यातल्या चिखलाचे शिंतोडे कपड्यावर उडाले आणि त्यात घाण दिसत नाही, तर कपडा पाक आहे. दुसऱ्याचा हक्क गुंतलेला असतो तिथे मात्र शोध पुरेपूर करायचा. कर्ज, वारसा आणि निकाह या तीन ठिकाणी ‘आम्ही विचारलं नाही’ हे उत्तर चालत नाही.

तिसरी पायरी: सिद्ध कोणी करायचं ते ठरवा

व्यवहारात इस्तिसहाबचं मुख्य काम हेच आहे. मूळ अवस्था ज्याच्या बाजूने आहे त्याला पुरावा द्यावा लागत नाही. ती बदलली असं जो म्हणतो त्याने पुरावा आणायचा. पुरावा आणता आला नाही तर समोरच्याने शपथ घ्यायची आणि विषय मिटवायचा.

एक उदाहरण घेऊ. सांगलीत रफीकने जून २०१९ मध्ये सलीमला दुकानासाठी ६०,००० रुपये उसने दिले. रोख दिले आणि नोंद रफीकच्या वहीत होती. ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला, दुकानात पाणी शिरलं आणि वही गेली. पुढे रफीक वारला. आता त्याची मुलं सलीमकडे पैसे मागताहेत. निकाल सलीम तोंडातून कोणतं वाक्य काढतो यावर फिरतो.

सलीम म्हणाला, ‘मी घेतलेच नाहीत.’ माणूस जन्मतः कोणाचाही देणेकरी नसतो. मजल्लाच्या आठव्या कलमात हेच आहे, की मूळ स्थिती देणेमुक्त असण्याची आहे. म्हणून खात्री सलीमच्या बाजूने आहे आणि पैसे दिल्याचा पुरावा रफीकच्या मुलांनी आणायचा. साक्षीदार, सलीमच्या हातची चिठ्ठी, ‘पैसे मिळाले’ असा मेसेज, काहीही. मिळालं नाही तर सलीमने शपथ घेतली की तो सुटला.

सलीम म्हणाला, ‘घेतले होते, पण फेडले.’ आता सगळं उलटलं. त्याच्याच कबुलीने कर्ज सिद्ध झालं आणि एकदा सिद्ध झालेलं कर्ज फिटल्याचं दिसेपर्यंत चालू राहतं. मजल्लाचं दहावं कलम याच जातीच्या प्रश्नासाठी आहे. फेड ही नवी घटना आहे, ती सलीमने सिद्ध करायची. त्याच्याकडे काही नसेल तर रफीकच्या मुलांना शपथ दिली जाते, पण ती जपून द्यावी लागते. व्यवहार त्यांच्या बापाचा होता, त्यांचा नव्हता. म्हणून ‘आमच्या माहितीत हे पैसे फिटलेले नाहीत’ एवढीच शपथ त्यांच्याकडून घ्यायची. ‘फिटलेच नाहीत’ अशी शपथ घ्यायला लावणं म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीवर शपथ घ्यायला लावणं.

सलीम म्हणाला, ‘साठ घेतले, पंचवीस फेडले, पस्तीस बाकी.’ पस्तीस हजारांवर वाद उरला नाही, ते लगेच द्यायचे. पंचवीस हजारांची फेड त्याने सिद्ध करायची. उलट मुलं म्हणाली की अब्बांनी साठ नव्हे, ऐंशी हजार दिले होते, तर वरच्या वीस हजारांसाठी मूळ स्थिती पुन्हा ‘देणं नाही’ हीच आहे आणि पुरावा मुलांकडे मागायचा. एकाच भांडणाचे असे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची मूळ स्थिती वेगळी पाहावी लागते. पंच मंडळी हे करत नाहीत आणि ‘अर्धे तुम्ही सोडा, अर्धे तुम्ही द्या’ म्हणून उठतात. समझोता म्हणून ते राजीखुशीने करता येईल, पण त्याला शरियतचा निवाडा म्हणू नये.

सलीमने खरंच पैसे फेडले असतील आणि पावती पुरात गेली असेल तर? मग तो हरतो आणि त्याच्यावर अन्याय होतो. हे मान्य करायला हवं. इस्तिसहाब आतलं सत्य शोधून देत नाही. पुरावाच नाही अशा जागी भांडण कुठे टेकवायचं, तेवढं तो सांगतो. म्हणूनच सूरह बकराच्या २८२व्या आयतीत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार ठेवायला सांगितलं आहे. फेडतानाही तेच करावं. रोख देऊ नका, खात्यावर टाका. रोख दिलेच तर घेणाऱ्याकडून तारखेसह एक ओळ लिहून घ्या आणि तिचा फोटो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा.

इथे कोर्टाची गोष्ट वेगळी पडते. उसने पैसे वसूल करण्याच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, त्यानंतर कोर्टाचं दार बंद होतं. दीनच्या हिशेबात मात्र मुदतीने कर्ज बुडत नाही. रफीकच्या मुलांचा दावा मुदतबाह्य झाला तरी सलीमच्या मानेवरचं देणं तसंच राहतं.

चौथी पायरी: ढाल की तलवार, हे तपासा

आतापर्यंत मूळ अवस्था माणसाचा बचाव करत होती. वुजू टिकवत होती, देणेमुक्त माणसाला देणं लागू देत नव्हती. पण त्याच गृहीतकावर एखाद्याला नवा हक्क मिळवता येईल का? इथे हनफी आणि शाफई वेगळे होतात. हनफी उसूलकार म्हणतात की इस्तिसहाब बचावाला पुरतो, नवा हक्क उभा करायला पुरत नाही. शाफई उसूलकार त्याला दोन्ही कामांसाठी पुरेशी दलील मानतात.

आपल्या भागात हा फरक पुस्तकात राहत नाही. घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी आणि कोकणातले बहुतेक शाफई. पाटणहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. सोयरीक दोन्हीकडे होते, आणि माहेरचे मौलाना एक सांगतात तर सासरचे दुसरं.

बेपत्ता माणूस, म्हणजे मफ्कूद, हे या फरकाचं ग्रंथांतलं नेहमीचं उदाहरण आहे. मिरजेतल्या एका कुटुंबाची कल्पना करू. जमीर, जन्म १९८१, ट्रकवर ड्रायव्हर. मार्च २०१३ मध्ये त्याचा घरी शेवटचा फोन आला, त्यानंतर काहीच नाही. घरी बायको आणि एक मुलगा. जमीरच्या स्वतःच्या नावावर एक प्लॉट. जानेवारी २०१८ मध्ये त्याचे वडील वारले. त्यांच्या मागे बायको, मोठा मुलगा बशीर, मुलगी नसीमा आणि बेपत्ता जमीर. कफन-दफन आणि कर्ज वजा जाता वडिलांची मालमत्ता २४ लाखांची.

आधी पहिल्या दोन पायऱ्या. शेवटची खात्री: मार्च २०१३ मध्ये जमीर जिवंत होता. शंका: नंतर मेला का? शोध म्हणजे पोलिसांत हरवल्याची नोंद, ज्या मालकाचा ट्रक होता त्याच्याकडे विचारपूस, बँक खात्यावर नंतर काही हालचाल झाली का, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. या सगळ्याचे कागद एका फायलीत जपायचे, पुढे काझी आणि कोर्ट दोघेही तेच मागतात. समजा, काहीच हाती लागलं नाही.

मग जमीर जिवंत धरायचा. त्याचा पहिला परिणाम असा की त्याच्या प्लॉटला कोणी हात लावायचा नाही. बशीर ‘तो काही आता येत नाही’ म्हणून प्लॉट वाटून घ्यायला निघाला तर त्याला थांबवायचं. जमीरच्या बायको-मुलाचा खर्च मात्र जमीरच्या मालातून निघू शकतो, कारण जिवंत नवऱ्यावर आणि बापावर तो असतोच. इथे इस्तिसहाब ढाल आहे आणि हनफी-शाफई दोघेही सहमत आहेत.

आता वडिलांची वाटणी. जमीर जिवंत धरला तर तो वारस होतो, म्हणजे गृहीतकाच्या जोरावर त्याला दुसऱ्याच्या मालात नवा हक्क मिळतो. हनफी मत हे देत नाही, पण तो मेला असंही म्हणत नाही. म्हणून त्याचा हिस्सा अडवून ठेवतात आणि बाकीच्यांना दोन्ही शक्यतांपैकी ज्यात कमी मिळेल तेवढंच देतात. हिशेब असा. विधवेला आठवा हिस्सा, म्हणजे ३ लाख, दोन्ही शक्यतांत तेवढाच. उरले २१ लाख, मुलाला मुलीच्या दुप्पट. जमीर धरला तर पाच वाटे होतात: बशीरला ८ लाख ४० हजार, जमीरला तेवढेच, नसीमाला ४ लाख २० हजार. जमीर नसेल तर तीन वाटे: बशीरला १४ लाख आणि नसीमाला ७ लाख. म्हणून आज बशीरच्या हातात ८ लाख ४० हजार, नसीमाच्या हातात ४ लाख २० हजार आणि जमीरच्या नावाचे ८ लाख ४० हजार विश्वासू माणसाकडे किंवा वेगळ्या खात्यात.

जमीर परत आला तर ती रक्कम त्याची. आला नाही आणि काझीने पुढे कधीतरी त्याच्या मृत्यूचा निर्णय दिला, तर हनफी मताने अडवलेली रक्कम वडिलांच्या त्या वेळच्या वारसांकडे परत जाते: बशीरला ५ लाख ६० हजार आणि नसीमाला २ लाख ८० हजार. म्हणजे दुसऱ्यांच्या मालापुरता जमीर हरवला तेव्हापासून मेलेला धरला जातो. त्याच्या स्वतःच्या प्लॉटपुरता मात्र तो निर्णयाच्या दिवशी मेला असं धरतात, आणि तो प्लॉट त्या दिवशी हयात असलेल्या त्याच्या वारसांना मिळतो. एकच माणूस दोन हिशेबांत दोन वेगवेगळ्या तारखांना मेला असं ऐकून लोक चक्रावतात, पण ढाल आणि तलवार वेगळी ठेवली की दोन तारखा आपोआप येतात.

उसूलच्या ग्रंथांत दिलेल्या शाफई तर्काने जमीर निर्णयापर्यंत सगळ्याच बाबतींत जिवंत आहे, म्हणून २०१८ मध्ये तो वारस आहे. मग ते ८ लाख ४० हजार त्याच्या मालमत्तेत जमा होऊन त्याच्या वारसांकडे, म्हणजे त्याच्या मुलाकडेही जातात. हनफी हिशेबात त्या मुलाला आजोबांच्या मालातून काहीच मिळत नाही, कारण काका हयात असताना बापाविना राहिलेला नातू वारस ठरत नाही. फरक एवढा मोठा आहे.

मला इथे स्पष्ट सांगायचं आहे की हनफी घरात हा प्रश्न आजोबा जिवंत असतानाच सोडवायला हवा. जो वारस ठरत नाही त्याच्यासाठी एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. जमीर बेपत्ता होऊन पाच वर्षं होत आली होती आणि तोवर वडील हयात होते. नातवाच्या नावाने लेखी वसीयत केली असती तर जमीर मेलेला ठरला तरी तो पोरगा उघड्यावर पडला नसता. घरातली माणसं हा विषय काढायला कचरतात, काढणाऱ्याने जमीरला मेलं मानलं असं वाटतं म्हणून. वसीयत लिहिल्याने कोणी मरत नाही. जमीर परत आला तर वडील ती रद्द करू शकतात.

पाचवी पायरी: धरून चालणं कुठे संपतं

जमीर जिवंत किती काळ धरायचा? हनफी ग्रंथांतली मूळ कसोटी अशी की त्याच्या गावातले त्याच्या वयाचे सगळे मरेपर्यंत. काहींनी जन्मापासून नव्वद वर्षं असा आकडा दिला. जमीरसाठी तो, इंग्रजी वर्षांनी मोजला तर, २०७१ साली येतो. हंबली फिकहमध्ये परिस्थितीप्रमाणे फरक केला आहे. बुडालेलं जहाज किंवा लढाई अशा जिवावरच्या प्रसंगातून हरवलेल्यासाठी चार वर्षं आणि प्रवास किंवा व्यापाराला निघून न परतलेल्यासाठी जन्मापासून नव्वद. ही वाटणी मला योग्य वाटते. पुरात डोळ्यांदेखत वाहून गेलेला आणि कामावर जाऊन न परतलेला यांच्याबद्दलची शंका एका वजनाची नसते. शंका जसजशी जड होत जाते तशी ती पुरावाच बनू लागते.

जमीर नव्वदीचा होईपर्यंत त्याच्या बायकोने वाट बघावी असं कोणी म्हणू नये. निकाह चालू धरला जातो हे खरं, पण तो काझी किंवा कोर्टाच्या निर्णयाने तोडता येतो. हनफी उलमांनी यासाठी मालिकी मताचा आधार घेतला आणि १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात तीच चार वर्षांची मुदत आली. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बायको कोर्टातून निकाह रद्द करून घेऊ शकते. हुकूम सहा महिन्यांनी लागू होतो. मधल्या काळात नवरा हजर झाला आणि संसाराची जबाबदारी घ्यायला तयार असल्याची कोर्टाची खात्री पटली, तर हुकूम रद्द होतो. लक्षात ठेवायचं ते हे की या हुकुमाने जमीर मेला असं ठरत नाही. फक्त निकाह सुटतो. त्याचा प्लॉट अजूनही त्याचाच.

मालमत्तेसाठी आपल्याकडचं कोर्टही माणूस नव्वदीचा होईपर्यंत थांबत नाही. वाटे कोणाला किती हे मुस्लिम कायद्याने ठरतं, पण माणूस मेला की जिवंत हा पुराव्याचा प्रश्न असून त्याला देशाचा पुरावा कायदा लागू होतो, असं अलाहाबाद हायकोर्टाने १८८४ सालीच ठरवलं. तो कायदा पूर्वी १८७२चा होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आहे. त्याच्या ११०व्या कलमाचं म्हणणं असं की गेल्या तीस वर्षांत जो जिवंत होता त्याला मेलेला म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावं. १११वं कलम सांगतं की ज्यांना बातमी कळायला हवी होती त्यांना सात वर्षांत ती मिळाली नसेल, तर जिवंत आहे म्हणणाऱ्याने सिद्ध करावं. पहिलं कलम इस्तिसहाबच आहे, दुसरं त्याची हद्द आहे.

जमीरची सात वर्षं मार्च २०२० मध्ये भरली. इथे वकीलसुद्धा कधीकधी घसरतात. सात वर्षं भरली म्हणून तो मार्च २०२० मध्ये मेला असं होत नाही, मार्च २०१३ मध्ये मेला असंही होत नाही. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या खटल्यात सांगितलं की गृहीतक एवढंच आहे की प्रश्न कोर्टात आला तेव्हा तो माणूस मेलेला होता. मृत्यूची तारीख ज्याच्या दाव्याला लागते त्याने ती स्वतंत्र पुराव्याने सिद्ध करायची. बशीर म्हणत असेल की जमीर वडिलांच्या आधी गेला, तर ते त्याने दाखवायचं. जमीरचा मुलगा म्हणत असेल की जमीर २०१८ मध्ये हयात होता, तर ते त्याने दाखवायचं. म्हणून त्या फायलीतला प्रत्येक कागद तारखेसह ठेवायचा: शेवटचं कॉल रेकॉर्ड, खात्यातून शेवटचे पैसे कधी निघाले, कोणी कुठे पाहिल्याचं सांगितलं ते कोणत्या साली.

आणि मृत्यूचा निर्णय होऊन प्लॉट वाटला गेल्यावर जमीर खरंच दारात उभा राहिला तर? हनफी ग्रंथांत याचंही उत्तर आहे. वारसांच्या हातात त्याच्या मालातलं जे शिल्लक असेल ते त्याने परत घ्यायचं. जे खर्च झालं त्याची भरपाई मागायची नाही, कारण त्यांनी ते निर्णयाच्या आधारावर घेतलं होतं. वडिलांच्या वाटणीतले अडवलेले ८ लाख ४० हजार बशीर आणि नसीमाकडे गेले असतील, तर त्यांबद्दल त्याच दिवशी मुफ्तींकडे लेखी प्रश्न द्यावा आणि सोबत जुना हिशेब जोडावा. वाटणीच्या वेळी ‘एवढी रक्कम जमीरच्या नावाने अडवली होती’ अशी ओळ सगळ्यांच्या सह्यांनी लिहिलेली असेल, तर तेव्हा कोणाला काहीच नाकारता येत नाही.